रीसेटला हात लावू नये!

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला चाळिशीत काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी मंडळाच्या नाटकात काम मिळवतो. मी न्यू जर्सीच्या घराच्या बेसमेंटमध्ये सर्व्हर बसवला. एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन हार्ड डिस्क, शेजारी केबलचा मोडेम, त्याला लागून राउटर आणि सगळ्यांच्या पायाशी यूपीएस. घरचे सगळे फोटो, कागदपत्रं, सासऱ्यांनी सांगलीहून आणलेल्या अल्बमांचे स्कॅन त्यात होते. “परक्या कंपनीला दरमहा पैसे कशाला मोजायचे? हा आपलाच क्लाउड,” असं मी पाहुण्यांना सांगत असे. बायकोने विजेच्या बिलाचा विषय काढला की मी पाहुण्यांना आणखी चहा विचारत असे.

सर्व्हर घरी आणि मालक परगावी अशी वेळ आली, बाहेरून काही उघडेनासं झालं, तर घरच्यांनी काय करावं यासाठी मी एक पान लिहून ठेवलं होतं. कुठे, तर सर्व्हरवर. “सर्व्हर बंद पडल्यावर ते वाचायचं कसं?” असं मुलीने विचारल्यावर मी त्याची प्रिंट काढली आणि जणू ते माझ्या मनात होतंच अशा चेहऱ्याने बेसमेंटच्या भिंतीवर चिकटवली.

पानाची सुरुवात होती, “प्रथम गेटवेला पिंग करून पाहावे.” ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांतल्या एकानेही गेटवेला पिंग केलं नसतं. मधल्या ओळीत सगळ्या वस्तू बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं. आणि तळाशी, लाल, जाड अक्षरात: “काहीही झाले तरी रीसेटला हात लावू नये!” या एका वाक्याचा मला अभिमान होता, आणि ते बरोबरही होतं. राउटरच्या पाठीमागे बारीक भोकात एक बटण असतं. टाचणीने ते दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वाय-फायचं नाव, पासवर्ड, मी रात्री जागून लावलेल्या सगळ्या वाटा पुसल्या जातात. बंद करून सुरू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. घरच्यांना हे एवढं कळलं तरी पुरे, असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरात मी मामेभावाच्या लग्नाला पुण्याला गेलो. आदल्या रात्री कार्यालयातल्या मोठ्या टीव्हीवर आजीच्या लग्नाचे फोटो दाखवायचं मीच जाहीर केलं होतं. नातेवाईक खुर्च्या ओढून बसले, मामा चष्मा पुसून तयार झाले, आणि पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तो फिरतच राहिला. “अमेरिकेहून येतायत फोटो, वेळ लागणारच,” मामी म्हणाल्या. पुण्यात रात्रीचे साडेनऊ, म्हणजे घरी सकाळचे अकरा. मी मांडवाबाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

“इंटरनेट चालू आहे का?”

“आहे की. तुझ्याशी व्हिडिओवर बोलतेय ना?”

म्हणजे दोष सर्व्हरचा, असं मी ठरवलं. घरचं वाय-फाय मेलं की फोन निमूटपणे मोबाइलच्या टॉवरवर जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही, हे मला माहीत होतं. पण मांडवाबाहेर, हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन, ते आठवलं नाही. मुलीने टीव्ही लावला, तो टॉवरवर जाऊ शकत नाही, तेव्हा कळलं की घरात इंटरनेटच नाही.

बायको खाली गेली. मोडेम, राउटर, सर्व्हर, एकाचाही दिवा लागलेला नव्हता. तिने पानाप्रमाणे सगळे प्लग काढले, तीस आकडे मोजले, पुन्हा लावले. काही नाही. मी तिला पुन्हा तेच करायला सांगितलं. उपाय लागू पडत नसला की तोच जास्त ठामपणे सांगायचा, ही माझी व्यवसायातली सवय.

तेवढ्यात सासरे जिना उतरून आले. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या सर्व्हरकडे कधी बघतही नसे. फोनमध्ये डोकावून ते म्हणाले, “जावईबापू, प्लगात लाइन आहे का, ते बघितलं का कुणी?”

टेबललॅम्प लावून बघितला. लाइन नव्हती. पॅनलमध्ये एकही ब्रेकर पडलेला नव्हता.

मग रात्रीची हकीकत बाहेर आली. काहीतरी बीप बीप वाजत होतं. अमेरिकेत घरात काही वाजलं की माणूस आधी छताकडे बघतो, कारण बॅटरी उतरली की धुराचा अलार्म मिनिटा-मिनिटाला चिवचिवतो. बायकोने स्टुलावर चढून पॅसेजमधल्या अलार्मची बॅटरी बदलली, आणि थोड्या वेळाने आवाज थांबला. ती समाधानाने झोपली. वाजत होता तो यूपीएस. भिंतीतली वीज गेली, मी स्वतःच्या बॅटरीवर चाललोय, असं तो सांगत होता, आणि बॅटरी संपल्यावर गप्प झाला. यूपीएस वाजतो कसा, याबद्दल पानावर एक अक्षर नव्हतं.

सासऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला, “इथे ईएलसीबी कुठे असतो?” त्यावर मला एकदम गॅरेज आठवलं. अमेरिकेत ते काम बऱ्याचदा भिंतीतला प्लगच करतो. त्याला जीएफसीआय म्हणतात. एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तेवढाच परत यायला हवा. पाचेक मिलिअँपिअरचा फरक पडला तरी हा प्लग क्षणात वीज तोडतो. आपल्याकडे घरात साधारण तीस मिलिअँपिअरचं यंत्र बसवतात, त्यामानाने हा फारच हळवा. १९७८ पासून तिथल्या विद्युत नियमावलीने नव्या घरांच्या गॅरेजला तो सक्तीचा केला, अर्धवट बेसमेंटला १९९० पासून. तेव्हा ही वस्तू महाग होती, म्हणून वायरमन एकच जीएफसीआय गॅरेजमध्ये बसवत आणि बाहेरचे, बाथरूमचे, बेसमेंटचे साधे प्लग त्याच्याच पुढे जोडत. आमचं घर त्याच काळातलं. माझा क्लाउड गॅरेजमधल्या, फ्रीझरच्या मागच्या, एका प्लगवर लटकत होता.

फ्रीझर सरकवला. मागे प्लग, त्यावर दोन बारीक बटणं. एकावर टेस्ट, दुसऱ्यावर रीसेट.

“रीसेट दाब,” मी म्हणालो.

“मी नाही दाबणार.”

“अगं, दाब!”

“तू लाल अक्षरात लिहिलंयस, काहीही झालं तरी हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर म्हणशील, पानावर लिहिलं होतं.”

मी खरोखरच तसं म्हणालो असतो. शेवटी सासऱ्यांनी बटण दाबलं. ते टक् करून बाहेर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बाहेर. “गळती चालू आहे अजून,” ते म्हणाले. “याच्या पुढे काय काय जोडलंय?” बाहेर पोर्चवर, दिवाळी होऊन गेली तरी, आमचा आकाशकंदील टांगलेला होता. रात्री पाऊस झाला होता आणि त्याच्या होल्डरात पाणी गेलं होतं. कंदिलाचा प्लग काढल्यावर रीसेट बसलं.

मोडेम, राउटरला जीव आला, पण एकदमच. ते बरं नव्हे. मोडेमला केबलवरून कंपनीशी जुळायला काही मिनिटं लागतात. तोवर राउटरने पत्ता मागितला तर काही मोडेम त्याला स्वतःच्याच खिशातला, `192.168.100` ने सुरू होणारा, तात्पुरता पत्ता देतात. त्यावरून बाहेरचं जग दिसत नाही. म्हणून राउटर काढून ठेवायला लावला, मोडेमचा ऑनलाइनचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, मग राउटर लावला.

तरीही मुलगी वरून ओरडली, “वाय-फाय फुल आहे, पण काही उघडत नाहीये!” हा कारभार माझा. जाहिराती गाळण्यासाठी मी घरातली सगळी नावं शोधण्याचं काम सर्व्हरकडे दिलं होतं. कुठल्याही साइटचं नाव टाकलं की तिचा आकडी पत्ता तोच सांगणार. सर्व्हर बंद म्हणजे इंटरनेट असूनही नसल्यासारखं. आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग त्याच्या बायोसमध्ये मी लावलेलीच नव्हती.

“बटण दाब,” मी म्हणालो. तिने दाबलं, आणि नीट दाबलं जावं म्हणून धरून ठेवलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि सगळं विझलं. असं बटण चारेक सेकंद धरलं की मशीन सक्तीने बंद होतं. मी “सोड, सोड” म्हणत होतो, पण माझा आवाज पुण्याहून जात होता. पुढच्या वेळी टिचकी मारून सोडलं, आणि दोन-चार मिनिटांत सर्व्हर उठला.

मी विजयी चेहऱ्याने आत गेलो. खुर्च्या रिकाम्या होत्या. सगळे जेवायला बसले होते. टीव्हीवर कुणीतरी क्रिकेट लावलं होतं, आणि मामा म्हणाले, “आजीचे फोटो आमच्या कपाटात आहेत रे, उद्या आणतो.”

परत आल्यावर पान नव्याने लिहिलं, खरं म्हणजे बायकोने लिहिलं आणि मी चुकांची कारणं पुरवली. त्यात एकाही यंत्राचं नाव नाही. वस्तूंवर रंगीत चिकटपट्ट्या आहेत: पिवळी, निळी, हिरवी. पहिली ओळ: “फोनचा मोबाइल डेटा बंद करा. मग इंटरनेट चालतं का बघा.” दुसरी: “पिवळ्यावर एकही दिवा नसेल तर त्या प्लगात टेबललॅम्प लावून बघा. लागला नाही तर गॅरेज, फ्रीझरच्या मागे, भिंतीवरचं रीसेट दाबा. बसलं नाही तर बाहेरचे दिवे काढा.” पुढे: “तिन्ही प्लग काढा, तीस मोजा. पिवळा लावा. जगाच्या गोळ्याचं चित्र असलेला दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. मग निळा. मग हिरवा, बटणाला एक टिचकी.” हिरवा आधीच चालू असेल तर त्याचा प्लग ओढायचा नाही, टिचकी मारून तो आपला आपण विझेपर्यंत थांबायचं, नाहीतर डिस्कवर अर्धवट लिहिलेलं बिघडतं, हेही त्यात आहे. राउटरच्या भोकावर आता कागदी चिकटपट्टी आहे, त्यामुळे लाल अक्षरांची गरज उरलेली नाही.

शेवटची ओळ मात्र माझी: “इतकं करून घरात इंटरनेट आलं, पण तो बाहेरून उघडत नाही म्हणत असेल, तर काहीही करू नका. दोष त्याचा आहे.” तो असतोही. मी बाहेरून आत यायला टेलस्केल वापरतो, आणि त्याची प्रत्येक मशीनची किल्ली, मुद्दाम बदललं नाही तर, १८० दिवसांनी बाद होते. त्या दिवशी घरच्यांनी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही.

तुमच्याकडेही असं पान असेल तर एका रविवारी सर्व्हर रीतसर बंद करा, तिन्ही प्लग काढा, आणि ज्याला तुमच्या सर्व्हरचा सर्वांत जास्त राग येतो त्याच्या हातात ते पान देऊन स्वतः गाडी घेऊन बाहेर जा. फोन आला तर उत्तर देऊ नका. तो ज्या ओळीवर अडला, ती ओळ पुन्हा लिहा.