कोठीवाल्याचा अर्ज

लग्नाच्या स्वयंपाकात आचारी मिरवतो, वाढपी धावतो आणि कोठीवाला शिव्या खातो. मी कोठीवाला. तूप मागायला येणाऱ्या प्रत्येकाला 'चिठ्ठी कुठाय?' असं विचारणं हा माझा व्यवसाय. चाकणच्या एका गोदामात सुट्या भागांच्या साठ्याचा हिशेब ठेवायला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम. फक्त तिथला माल उकळत नाही.

भरती करणाऱ्या बाईंना पाठवायचा मेसेज मी भाचीला दाखवला. ती भरतीच्याच खात्यात आहे. 'प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ, दडपणाखाली शांत राहणारा' एवढं वाचून तिनं विचारलं, "मामा, उंची आणि रास राहिली का? हा तर लग्नाचा बायोडाटा झाला."

मग तिनं आतली गोष्ट सांगितली. मेसेज वाचणाऱ्या बाई नोकरी देत नाहीत. त्या मेसेज गोदामाच्या मॅनेजरकडे सरकवतात आणि तो म्हणतो, "केटरिंगवाला? कशाला?" या 'कशाला'चं उत्तर बाईंच्या हातात तयार असलं पाहिजे. मनमिळाऊपणा पुढे सरकवता येत नाही, केलेलं काम येतं. "तू दिवसभर नेमकं काय करतोस ते सांग," म्हणाली.

सांगायला बसलो. समजा 600 पानांचं लग्न आहे. वरणभात आणि मसालेभात मिळून माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरला की 60 किलो झाला. वर 6 किलो जादा घ्यायचा, पण आचाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो शिजवतो. यजमान छातीवर हात ठेवून सहाशेच म्हणतात, पण शेवटच्या पंगतीला मुलाकडची एक बस उतरतेच. भाची म्हणाली, "याला सेफ्टी स्टॉक म्हणतात. आचाऱ्याचा भाग वगळ."

काजू, केशर, वेलची कुलपात असतात आणि मी ती रोज मोजतो. बटाट्याची पोती उघड्यावर असतात, ती आठवड्याला मोजली तरी चालतं. कुलपातल्या वस्तू थोड्या, पण पैसे त्यांतच अडकलेले, म्हणून डोळा तिथे जास्त. गोदामात याला एबीसी पद्धत म्हणतात. हे ऐकून माझी मान ताठ झाली. खवा जो आधी आला तो आधी काढायचा, हेही तिथे चालतं म्हणे. फक्त रबराची वॉशर नासल्याचा वास येत नाही, तारीख बघावी लागते.

"आता काय येत नाही ते सांग," भाची म्हणाली. बारकोड आणि गोदामाचं सॉफ्टवेअर. ते लपवावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मॅनेजर पहिल्या मिनिटाला तेच विचारणार. तू आधी लिहिलंस की बाकीचं खरं वाटतं." शेवटी मेसेज असा गेला:

"नमस्कार. इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी लिहितो आहे. सध्या एका केटरिंग व्यवसायाचं कोठार माझ्याकडे आहे. 600 माणसांच्या कार्यासाठी मालाचा अंदाज, खरेदी, चिठ्ठीवर माल देणं आणि त्याच रात्री शिल्लक जुळवणं ही कामं करतो. महाग वस्तू रोज मोजतो, बाकीच्या आठवड्याला. साठ्याची नोंद एक्सेलमध्ये ठेवतो. बारकोड व गोदामाचं सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, ते शिकावं लागेल. हंगामी कामाऐवजी बारमाही काम हवं म्हणून बदल करतो आहे. फोनवर दहा मिनिटं मिळतील का?"

जिलबीचा उल्लेख कुठेही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाईंचा फोन आला. त्यांनी एकच खोचक प्रश्न विचारला. "वहीत 40 आणि फळीवर 37 निघाले, तर आधी काय बघाल?"

मी म्हणालो, "आधी चिठ्ठ्या. माल दिला आणि नोंद राहिली, असं बहुतेक वेळा निघतं. मग माप, एकानं डबे मोजलेले असतात, दुसऱ्यानं किलो. मग शेजारची फळी. चोर सगळ्यात शेवटी, कारण चोर शोधायला लागलं की चिठ्ठ्या कुणी शोधत नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग, "नोटीस पिरियड किती?"

"आषाढी एकादशीपर्यंत. नंतर चातुर्मास लागतो, मुहूर्तच नसतात."

फॉर्मच्या त्या रकान्यात फक्त दिवसांचा आकडा बसतो, असं बाईंनी नम्रपणे सांगितलं. मी त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगून पंचांग आणायला उठलो.