भिंगही लहान आहे

घटक चाचणीचे पेपर वाटून झाले की आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शाळेत दोन दिवस गुणांचा बाजार भरतो. पोट्टे टेबलाभोवती घोळका करतात, "सर, अर्धा द्या ना" म्हणतात, आणि सर नाही म्हणाले की हसत निघून जातात. त्यात लेखी काही नसतं. म्हणून विज्ञानाच्या सरांनी परवा मधल्या सुट्टीत एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली तेव्हा मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मी गणिताचा, पण किरणाकृती म्हणजे शेवटी भूमितीच.

वहीच्या मधलं पान, पट्टीने आखलेला समास, वर "आदरणीय सर, सा. न. वि. वि." दहावीतली मुलगी. घरी, शाळेत सगळीकडे अस्सल वऱ्हाडी बोलणारी. चिठ्ठीत मात्र मंत्रालयातून उतरल्यासारखी. लिहिलं होतं, "प्रश्न तिसरा, उपप्रश्न दुसरा यात मला तीनपैकी एक गुण मिळाला आहे. आपण मोठे आहात, मी लहान आहे, आणि माझे भिंगही लहान आहे. परंतु प्रतिमा सहा सेंटिमीटरवरच आली आहे. कृपया एकदा पट्टी लावून पाहावी, ही विनंती."

प्रश्न नेहमीचाच. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये ठेवली आहे; किरणाकृती काढा, प्रतिमेचं स्थान, स्वरूप आणि आकार सांगा. पोरीने नाभीय अंतर दोन सेंटिमीटर धरलं, वस्तू तीनवर, उंची एक. पुस्तकातल्या आकृतीत वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर किरण निघतो आणि भिंगातून पलीकडच्या नाभीकडे वळतो. दुसरा मधोमध, प्रकाशीय केंद्रातून सरळ जातो. हिने समांतर किरणाला सुट्टी दिली. त्याऐवजी अलीकडच्या नाभीतून जाणारा किरण घेतला, जो भिंगानंतर अक्षाला समांतर होतो. तीन किरणांचे तीन नियम पुस्तकात दिलेत आणि त्यातले कोणतेही दोन पुरतात. त्यामुळे इथवर तक्रार नाही.

घोटाळा पुढे आहे. वस्तूच्या टोकापासून नाभीतून खाली आलेला हा किरण भिंगापर्यंत पोचतो तेव्हा अक्षाच्या दोन सेंटिमीटर खाली असतो. आणि हिचं भिंग सगळं मिळून तीन सेंटिमीटर उंच, म्हणजे अक्षाखाली जेमतेम दीड. किरण भिंगाच्या खालच्या टोकाला अर्ध्या सेंटिमीटरने चुकवून गेला आणि तरीही शिस्तीत वळून समांतर झाला. सरांची लाल फुली बरोबर त्या जागी होती.

"हवेतच वाकते काय किरण?" सर म्हणाले.

हवेत वाकत नाही, हे खरंच. पण मी पट्टी लावली. दोन्ही किरण भिंगापलीकडे सहा सेंटिमीटरवर, अक्षाखाली दोन सेंटिमीटरवर एकमेकांना छेदत होते. वास्तव, उलट, वस्तूच्या दुप्पट. समांतर किरण घेतला असता तरी तोही तिथेच आला असता. तो भिंगावर एक सेंटिमीटर उंचीवर आदळतो, म्हणून लहान भिंगातही मावतो. पुस्तकवाल्यांनी तोच का निवडला, ते त्या दिवशी मला उलगडलं.

मग आम्ही दोघं प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन खिडकीसमोर उभे राहिलो. समोरच्या भिंतीवर बाहेरचा लिंब उलटा उतरला. भिंगाचा खालचा अर्धा भाग हजेरीपटाने झाकला, तर लिंब अर्धा झाला नाही. पूर्णच राहिला, फक्त अंधुक झाला. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून भिंगाच्या सगळ्या अंगावर प्रकाश पडतो, आणि जेवढा भाग उघडा असेल तेवढा तिथेच प्रतिमा उठवतो. भिंग लहान असलं तर प्रकाश कमी मिळतो. जागा बदलत नाही. आकृतीतला तो चुकलेला किरण खरा प्रवासी नव्हे, जागा शोधायला काढलेली रेघ आहे. भिंगाच्या मध्यातून जाणारी उभी रेषा तुटक करून खाली वाढवली असती आणि किरण तिथवर नेला असता, तर कोणाचीच हरकत नव्हती.

सरांनी थोडा वेळ पेन फिरवला. बोर्डाच्या परीक्षेत अशी चिठ्ठी चालत नाही, हेही त्यांनी ऐकवलं. तिथे आधी अमरावती विभागीय मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, दोन्हीची फी वेगळी. तिथला परीक्षक लिंब पाहायला खिडकीशी जाणार नाही.

एकाचे अडीच झाले. उरलेला अर्धा का कापला, ते सरांनी चिठ्ठीच्या मागेच लिहून दिलं. पोरीने ते उभ्याउभ्या वाचलं आणि चिठ्ठीतली भाषा सोडून म्हणाली, "बरोबर हाय सर. म्या भिंगच लहान काढलं."

तेव्हा दहावीच्या पोरापोरींनो, वस्तू एक सेंटिमीटर घेणार असाल तर भिंग निदान पाच सेंटिमीटर उंच काढा. पानावर जागा भरपूर असते.