आशीर्वादाची वेलांटी

आपल्याला शाळेत मराठी शिकवलेल्या मास्तरांना पत्र लिहिण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये. त्यातही पत्राचा विषय 'आपण पाठवलेल्या फोटोवर मी काम करू शकत नाही, मूळ लेयरवाली फाइल द्यावी' असा असेल, तर वसईतल्या भर मे महिन्यात, एसी चालू असतानाही, कपाळावर घाम येतो.

माझा फोटो स्टुडिओ वसई गावात पारनाक्याजवळ आहे. सीझनमध्ये निम्मा वेळ किल्ल्यात प्री-वेडिंग शूट करण्यात जातो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेल्या त्या किल्ल्यात आज कुठली कमान आपल्या जोडप्याला मिळेल यावरून रोज सकाळी लहानशी लढाई होते. उरलेला निम्मा वेळ लोक दुसरीकडून करून आणलेली कामं दुरुस्त करण्यात जातो. सरांचं काम या दुसऱ्या जातीचं होतं.

सर सोपाऱ्याला राहतात. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, अल्बम विरारच्या एका डिझायनरने केला. अल्बम छापून घरी आल्यावर सरांनी पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबले. बारा बाय छत्तीस इंचांच्या त्या जोडपानावर आजींचे हात होते. सुरकुतलेले, हिरव्या बांगड्यांचे, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकणारे. आणि त्या बोटांवरून सोनेरी, फुगीर, सावली पडलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शुभ आशिर्वाद'.

मराठीच्या मास्तरांच्या घरात ऱ्हस्व 'शि'चा आशीर्वाद! सरांनी मला व्हॉट्सअॅपवर तो फोटो पाठवला आणि फोन केला. "अरे, एवढी एक वेलांटी उचलून पलीकडे ठेव. पाच मिनिटांचं काम आहे. ते पान पुन्हा छापून घेऊ."

वहीत ते खरोखर एका सेकंदाचं काम आहे. सरांचं लाल पेन माझ्या निबंधांवरून ज्या वेगाने फिरायचं, तो मी पाहिलेला आहे. पण स्क्रीनवर मी ते अक्षर मोठं करून पाहिलं आणि बसूनच राहिलो.

ऱ्हस्व वेलांटीची दांडी 'श'च्या डावीकडे असते, दीर्घाची उजवीकडे. म्हणजे 'र्वाद'ला हात लावायची गरज नव्हती. दांडी काढायची, 'श' डावीकडे सरकवायचा आणि त्याच्या मोकळ्या जागेत नवी दांडी उभी करायची, इतकंच. आता दांडी काढली की तिच्याखाली काय दिसलं पाहिजे? आजींचं मधलं बोट. 'श' हलवला की काय दिसलं पाहिजे? दोन बांगड्या आणि उडणाऱ्या अक्षता. आणि हे बोट, या बांगड्या, या अक्षता सरांनी पाठवलेल्या फाइलमध्ये नव्हत्याच. झाकलेल्या नव्हत्या, नव्हत्याच. फाइल फ्लॅट करून जेपीजी केली की प्रत्येक ठिपक्याला एकच रंग उरतो, सगळ्यात वरचा. जिथे सोनं आहे तिथे फक्त सोनं. जिथे अक्षराची सावली कातडीवर पडली आहे, तिथे सावली आणि कातडी मिसळून तिसराच एक तपकिरी रंग झालेला असतो आणि त्यात सावली किती, आजी किती, हे कोणी सांगू शकत नाही. मी फार तर शेजारच्या बोटाची कातडी उचलून तिथे लावू शकतो. पण मग ते बोट आजींचं राहत नाही, माझं होतं. सरांच्या आईच्या हाताला स्वतःची बोटं जोडायचं धाडस माझ्यात नाही.

त्यात फाइल व्हॉट्सअॅपवरून आलेली. छपाईसाठी ते पान इंचाला तीनशे ठिपक्यांनी केलेलं असतं, म्हणजे आडवे १०,८०० आणि उभे ३,६०० ठिपके. फोटो म्हणून पाठवल्यावर माझ्याकडे पोचले आडवे १,६००. छत्तीस इंचांत वाटून टाकले तर इंचाला चव्वेचाळीस. उरलेले ठिपके सोपारा ते वसई या प्रवासात कुठे उतरले, ते कंपनीलाच माहीत.

हे सगळं सरांना फोनवर सांगायचं तर "हो का?" एवढं म्हणून त्यांनी मला पुन्हा पाच मिनिटांवर आणलं असतं. म्हणून पत्र.

पहिला मसुदा मी जसा बोलतो तसा लिहिला. त्यात रास्टराइज, रिझोल्यूशन, कॉम्प्रेशन, लेयर मास्क हे सगळे आले आणि मराठी शब्द म्हणून फक्त 'आणि' उरला. तो फाडला. दुसरा इतका नम्र झाला की काय हवं आहे, तेच लिहायचं राहून गेलं. नुसती क्षमा मागून पत्र संपलं होतं. तिसरा असा:

"आदरणीय सर, शि. सा. न. वि. वि.

आपण पाठवलेलं पान पाहिलं. चूक आपण म्हणता ती आहेच. ती दुरुस्त करण्यापूर्वी एक विनंती आहे.

आपण आम्हाला सहलीला सोपाऱ्याच्या स्तूपावर, बुरुड राजाच्या कोटावर नेलं होतं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, हे आपणच सांगितलं होतं. डिझायनरच्या मूळ फाइलमध्येही फोटो, फुलं, सावली, अक्षरं अशी एकात एक, पण वेगवेगळी असतात. एकाला हात लावला तरी बाकीची तशीच राहतात. माझ्याकडे आलं आहे ते बाहेरच्या दगडी पेटीचं छायाचित्र. त्यावरून आतला करंडक मला हलवता येणार नाही.

तरी डिझायनरकडून या पानाची .psd ही फाइल मागून घ्यावी. फाइलच्या नावावर मात्र विश्वास ठेवू नये. त्यांनाच ती उघडून पाहायला सांगावं: लेयरच्या यादीत बऱ्याच ओळी दिसल्या तर ती आपली फाइल. कुलूप लावलेली Background ही एकच ओळ दिसली तर ती नव्हे. अक्षरांसाठी कोणता फाँट वापरला, त्याचंही नाव हवं. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. पेनड्राइव्ह उत्तम.

मूळ फाइल मिळालीच नाही, तर आजींच्या हातांचा, अक्षरं नसलेला, कॅमेऱ्यातला फोटो मिळाला तरी मी ते पान पुन्हा जुळवून देईन. दोन्ही मिळालं नाही, तर त्या शब्दावर पट्टी टाकून वर नवा शब्द लिहिता येईल, पण त्यात बोटं जातील. ती मी आपल्याला विचारल्याशिवाय घालवणार नाही.

आपला विद्यार्थी"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सरांनी माझं पत्र प्रिंट करून, लाल पेनाने तपासून, त्याचा फोटो काढून पाठवला होता. दोन अनुस्वार, एक जास्तीचा स्वल्पविराम आणि समासात 'उपमा बरी' असा शेरा. खाली: 'मागवली आहे.'

चार दिवसांनी फाइल आली. नाव `Final_Final_2.psd`. उघडली, तर कुलूप लावलेली एकच Background. डिझायनरच्या हाताखालच्या मुलाने जेपीजी उघडून, 'सेव्ह अॅज' करून तिला पीएसडी हे नाव दिलं होतं. यादी पाहिली नसती तरी कळलं असतं. अक्षराची कड आठपट मोठी केली की भोवती बारीक चौकोन आणि मळकट ठिपके दिसत होते. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारकावा थोडा थोडा टाकून देते. हा मळ त्याचाच. गुळगुळीत कातडीपेक्षा अक्षराच्या धारदार कडेला तो जास्त साचतो. एकदा जेपीजीतून जाऊन आलेली फाइल नंतर कोणत्याही नावाने आणि कितीही वजनाची करून सेव्ह करा, मळ सोबत येतो. ही फाइल शंभर एमबीच्या वर गेली होती, ते नुसतं ठिपके मोजूनच. १०,८०० गुणिले ३,६०० गुणिले तीन रंग केलं की तेवढे एमबी होतातच. वजन पाहून 'हीच खरी' म्हणणारे बरेच फसतात.

पुन्हा पत्र, यावेळी चार ओळींचं. सर स्वतः विरारला गेले. ते डिझायनरला काय म्हणाले ते माहीत नाही, पण मराठीचे मास्तर समोर उभे राहिल्यावर जुनी हार्डडिस्क कपाटातून बाहेर येते, असं दिसतं. पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवून सर म्हणाले, "यात ओळी आहेत. मी स्वतः मोजल्या."

ओळी होत्या. सगळ्यात खाली आजींचे हात, बोटांवर एकही अक्षर नाही. त्यावर फुलं, त्यावर किनार, वर अक्षरं. अक्षरांवर दोन वेळा क्लिक केलं तर फाँट सापडत नाही म्हणून इशारा. फाँट जुना, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा होता. तो नसताना पुढे गेलं असतं तर 'शुभ आशिर्वाद'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा बुक्का झाला असता. म्हणून रद्द केलं आणि विचार केला, दोन्ही शब्द नव्या फाँटमध्ये लिहू, फुगीरपणा आणि सावली जुन्या लेयरवरून उचलू. अर्ध्या तासाचं काम.

तेवढ्यात यादीत डोळा बंद केलेली एक ओळ दिसली. अशा बंद ओळी डिझायनर फेकून देत नाहीत, गिऱ्हाईक उद्या परत फिरेल म्हणून ठेवून देतात. मी डोळा उघडला. तेच सोनं, तीच सावली, तोच फाँट, आणि शब्द: 'शुभ आशीर्वाद'. दीर्घ. बिनचूक.

डिझायनरने आधी बरोबरच लिहिलं होतं. मग चुकीचं का केलं, ते चुकीच्या ओळीच्या नावातच होतं: `ashirwad - navra mhanala ashich`. नवरा म्हणजे सरांचा मुलगा. "बाबा मराठीचे आहेत, चूक चालायची नाही" म्हणत त्याने स्वतः बसून ती वेलांटी अलीकडे आणवली असणार.

मी वरच्या ओळीचा डोळा मिटला, खालचा उघडाच ठेवला. काम झालं. एका क्लिकचं बिल काय लावायचं, हा प्रश्न होता. शेवटी फक्त छपाईचे पैसे घेतले. पान फ्लॅट केलं आणि छापायला दिलं. फ्लॅट करताना एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता: त्या छापील पानावरून कोणी किती जन्म शोधलं तरी नवऱ्याचं नाव निघणार नव्हतं.

पान पाहून सर खूश झाले. चष्मा काढून आजींच्या बोटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आता ती ओळींची फाइलही दे. तुझ्या पत्रामुळे तिचं महत्त्व कळलं. घरी जपून ठेवतो. मुलगा संगणकावर उघडून दाखवेल."

मी म्हटलं, "सर, दोन दिवस द्या. जरा साफसूफ करून देतो."

"साफसूफ कशाला? मूळ ते मूळ."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे तेवढ्यावर सुटलो. आता मी सरांना आणखी एक अत्यंत नम्र पत्र लिहायला घेतलं आहे. शि. सा. न. वि. वि. झालं आहे. पुढचं सुचत नाही.