निर्मळ बिबट्या

भीमाशंकर साखर कारखान्याच्या पारगावात झालेल्या एका पॉडकास्ट मुलाखतीचा लेख करणाऱ्या संपादकांचा जाहीर सत्कार व्हायलाच हवा. ध्वनिमुद्रणात शेतकरी बोलला ते असं: "बिबट्या... म्हंजी बिबट्याच असं नाही, तरस बी असंल... ते काय म्हणत्यात... दिसला, दिसला म्हंजी ऊस हालला ना."

प्रथम 'म्हंजी', 'ना', 'काय म्हणत्यात' गेले. ते योग्यच, जिभेला विसावा देणारे शब्द कागदावर नुसती जागा अडवतात. मग अडखळून सुटलेली वाक्यं गेली. बोलणारा स्वतःला दुरुस्त करतो तेव्हा आधीचं खोडून नंतरचं ठेवायची जुनाट रीत आहे. इथं नंतरचं खोडलं, कारण आधीचं सुटसुटीत होतं. राहता राहिलं 'असंल'. ती तर शंका, आणि शंकेनं परिच्छेद लांबतो. उरलं ते निर्मळ गद्य: "उसात बिबट्या दिसला."

याच न्यायानं पंचनाम्यांतली 'अंदाजे', 'बहुधा' ही भरताडही काढून टाकावी. साक्षीदार किती वाचनीय होतील!

परवा कुणीतरी त्या शेतकऱ्याला विचारलं, बिबट्या खरंच पाहिला का? या वेळी तो जराही अडखळला नाही. "मग? छापून आलंय की!"