टिकलीचं बटण

लाईट गेल्यावर बंद पडलेलं नेट पुन्हा कसं चालू करायचं, याचा छान व्हिडिओ थोरल्या भावानं बंगळूरहून आईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला, तेव्हा सेलूत नेट बंद होतं. दोन दिवसांनी केबलवाल्या पोरानं येऊन ते चालू केल्यावर व्हिडिओ पोचला. अण्णांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "विहिरीत पडलेल्याला पोहण्याचं पुस्तक पाठवलंय. तेही पोस्टानं."

तेव्हा कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचं ठरलं आणि काम माझ्याकडं आलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. जिंतूर, मानवत, पाथरी असं करत त्यांनी अर्ध्या परभणी जिल्ह्याच्या वह्या तपासल्यात. लाल पेन निवृत्त झालेलं नाही. माझा पहिला मसुदा त्यांनी तपासून फोटो काढून परत पाठवला. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'राउटर बंद करून पुन्हा चालू करा.' त्याखाली लाल शाईत दोन प्रश्न होते. एक, राउटर कोणतं? दोन, लाईट गेली म्हणजे ते बंद झालंच की. पुन्हा बंद कशाला?

दोन्ही प्रश्न बिनतोड होते. टीव्हीखालच्या फळीवर तीन डबे आहेत. एक टीव्हीचा, एक नेटचा आणि एक जुना, जो कोणाचाच नाही, पण फेकवत नाही म्हणून ठेवलाय. तिन्ही काळे. बोर्डावर तीन प्लग, तेही काळेच. 'डावीकडून दुसरा' असं लिहायची सोय नाही, कारण झाडताना आई ते काढते आणि लावताना सोयीनं लावते. यावर तोडगा आईनंच काढला. नेटच्या अॅडॉप्टरला तिनं लाल टिकली चिकटवली. तशीच एक टिकली डब्याच्या माथ्यावर. दसऱ्याला हळदीकुंकू वाहिलेलंच होतं, आता कायमचं सौभाग्य लाभलं. कागदावरून राउटर हा शब्द गेला. 'टिकलीचा प्लग, टिकलीचा डबा.'

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. लाईट आली की डबा आपोआप उठतो आणि दोन-तीन मिनिटांत कामाला लागतो. गडबड होते ती आमच्याकडं लाईट ज्या पद्धतीनं येते त्यामुळं. ती येते, दोन मिनिटं थांबते, जाते, परत येते. येते तेव्हाही कधी इतकी मंद असते की बल्बमधली तार दिसते. अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे बराच कमी दाब तो सोसतो. पण डबा अर्धा उठला असताना वीज तुटली, तर स्वस्तातला डबा मधेच अडकून बसतो. दिवे लागलेले दिसतात, आत सगळं सामसूम. तशात केबलवाल्याच्या ऑफिसातलं मोठं यंत्र आपल्या डब्याच्या नंतर उठलं, तर आपला डबा थोडा वेळ हाका मारतो आणि काही डबे मग हाका मारायचंच सोडून देतात.

म्हणून कागदाची पहिली ओळ लाईट आल्यानंतरची नाही, गेल्यानंतरची झाली: 'लाईट गेली की टिकलीचं बटण बंद करा.' दुसरी: 'लाईट आली की पंख्याकडं बघा. पंखा नेहमीच्या वेगानं फिरायला लागला की मगच बटण चालू करा.' घरात व्होल्टमीटर नाही, पण पंखा आहे, आणि बैठकीतला पंखा किती जोरात फिरतो हे आईला तीस वर्षांपासून पाठ आहे.

यानंतर जी ओळ आली, तिच्यावर सगळ्यात जास्त लाल शाई सांडली. मी लिहिलं होतं, 'तीन मिनिटं थांबा.' माणूस थांबत नाही हो. अर्ध्या मिनिटात काही दिसलं नाही की बोट परत बटणाकडं जातं, आणि डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. अण्णांच्या घड्याळात सेकंद काटा नाही. आईला घड्याळावर भरवसा नाही. शेवटी अण्णांनी शेऱ्यात लिहिलं, 'भीमरूपी दोन वेळा, सावकाश.' मी पुण्यात म्हणून बघितली. बरोबर बसते. शिवाय म्हणताना दोन्ही हात जोडलेले राहतात, बटणाकडं जात नाहीत. हा फायदा एकाही कंपनीच्या माहितीपुस्तकात नाही.

मग दिवे. डब्यावर पाच-सहा दिवे असतात आणि प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरं. मी सगळ्यांची माहिती दिली होती. अण्णांनी दोन ठेवून बाकी खोडली. समासात शेरा: 'अनावश्यक विस्तार.' मान्य. खरोखर दोनच दिवे बघायचे. ज्याखाली पी, ओ, एन लिहिलंय तो हिरवा हवा आणि न लुकलुकता लागलेला हवा. तो लुकलुकत असेल तर डबा केबलवाल्याच्या यंत्राशी ओळख पटवतोय. आणखी एक भीमरूपी. दुसरा, ज्याखाली एल, ओ, एस आहे, तो विझलेलाच हवा. तो लाल झाला तर भिंतीतून येणाऱ्या बारीक वायरीतून उजेडच येत नाही, असा अर्थ. ती वायर तांब्याची नसते, काचेची असते; तिच्यातून वीज नव्हे, उजेड धावतो, तोही डोळ्यांना न दिसणारा. म्हणून तिचं हिरवं टोक उपसायचं नाही आणि उपसलंच तर त्यात डोकवायचं नाही.

लाल दिवा असताना बटण कितीही वेळा बंद-चालू केलं तरी काही होत नाही, आणि इथंच लोकांचा जास्तीत जास्त वेळ वाया जातो. उजेड यायचा थांबायला कारणं मोजकीच. कुठं तरी वायर तुटलीय, किंवा लाईट इतका वेळ गेलीय की केबलवाल्याच्या यंत्राची बॅटरी उतरलीय, किंवा वायर घरातच दुमडलीय. पहिल्या दोन्हींचा निकाल आई आवाजावर लावते. खिडकीतून हाक: "अहो काकू, तुमचा लाल लागलाय का?" काकूंचाही लाल असला तर दोष घराबाहेर. कागदावरच्या केबलवाल्याच्या नंबरावर फोन करायचा आणि चहा टाकायचा. काकूंचा हिरवा आणि आपला लाल असला, तर डब्यामागं बघायचं. एकदा तसं झालंही. लोंबती वायर दिसायला बरी दिसत नाही म्हणून आईनं ती घडी घालून लोकरीनं घट्ट बांधली होती. काचेच्या वायरीला गोल वळण चालतं, घडी चालत नाही. लोकर सोडली, लाल दिवा विझला. लोकरीचं पुढं काय झालं ते विचारलं नाही.

आता भोक. डब्याच्या मागं टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. आत बटण आहे. टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो: वाय-फायचं नाव जातं, पासवर्ड जातो आणि केबलवाल्यानं आत भरलेली जोडणीची माहितीही जाते. मग तो आल्याशिवाय काही चालत नाही. अण्णांचे एक मित्र याच उपायाचे पुरस्कर्ते. त्यांचं तत्त्व, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्यांचं नेट वर्षातून बरेच दिवस परभणीच असतं. आमच्या भोकावर मलमपट्टी चिकटवलीय आणि कागदावर फक्त लिहिलंय, 'पट्टी काढू नका.' कारण दिलेलं नाही. अण्णांनी चाळीस वर्षं पोरांना सांभाळलंय. कारण दिलं की करून बघायची इच्छा होते, असं त्यांचं मत.

फोनचा भाग सोपा वाटला होता. डबा उठला की फोन ओळखीचं वाय-फाय आपोआप धरतो. पण कधी तो घाईनं, बाहेरचं नेट यायच्या आधीच धरतो आणि 'जोडलंय, इंटरनेट नाही' असं दाखवत बसतो. तेव्हा वरून पडदा खाली ओढायचा, वाय-फायच्या पंख्यावर एकदा बोट, पंखा फिका, दहा म्हणा, पुन्हा बोट, पंखा निळा. त्यात आमच्या डब्याची नावं दोन. एकाच्या शेवटी ५जी. अण्णा त्याला हात लावत नव्हते, "आपण ५जीचं रिचार्ज मारलंच नाही." त्याचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही, तो डब्याचाच दुसरा, वेगवान पण कमी पोचणारा आवाज. आमच्या जुन्या दगडी भिंतीपलीकडं, देवघरात, तो जेमतेमच जातो. तेव्हा अण्णांचं कारण चुकीचं असलं तरी निर्णय बरोबर होता, आणि मी तो बदलायला गेलो नाही. दोन्ही फोनांत साधंच नाव ठेवलं. पासवर्ड बदलून नुसत्या आकड्यांचा केला, कारण आधीच्या पासवर्डात शून्य आणि ओ शेजारीशेजारी होते. किमान आठ लागतात, आम्ही बारा घेतले, आणि त्यात कोणाचीही जन्मतारीख नाही. अण्णांनी ते चार-चारच्या गटांत लिहून खाली टीप दिली, 'मधली जागा वाचण्यापुरती. टाईप करू नये.'

मेअखेर वळवाचा पाऊस झाला आणि संध्याकाळी गेलेली लाईट रात्री साडेनऊला आली. थोड्या वेळानं अण्णांचा फोन. आवाज हजेरी घेतल्यासारखा. "पंखा पूर्ण. भीमरूपी दोन. पी-ओ-एन हिरवा, स्थिर. एल-ओ-एस विझलेला. माझ्या फोनवर बातम्या चालायल्यात. तुझ्या आईच्या फोनवर काहीच लागंना."

इथं कागदाचा खरा उपयोग झाला. एक फोन चालतोय म्हणजे डबा ठीक, वायर ठीक, केबलवाला ठीक. दोष दुसऱ्या फोनात. कुठंही न जाता निम्मं घर तपासून झालं. आईला फोन लावला तर बंद असल्याचं सांगत होता. आई मागून म्हणत होती, "चालू आहे की, हातातच आहे." वर काय चिन्ह दिसतंय, असं अण्णांकरवी विचारलं.

"विमान हाय बारकं."

भावानं मागं कधीतरी फोनवरून उपाय सांगितला होता, विमानाच्या बटणावर बोट ठेवायचं, दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा बोट ठेवायचं. त्या दिवशी आईनं तो आपणहून केला. बोट ठेवलं, दहा मोजले, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. विमान हवेतच राहिलं. त्यात वाय-फायही बंद, फोनही बंद. बोट ठेवून उतरवलं, तर मिनिटभरात कीर्तन सुरू झालं.

कागदाच्या तळाशी आता अण्णांच्या अक्षरात ओळ आहे: 'विमान चढवल्यास उतरवणे. दूध नंतर.'

काकूंनी कागद बघून झेरॉक्स मागितली. अण्णांनी दिली नाही. काकूंचा डबा वेगळ्या कंपनीचा, त्यांचे दिवे वेगळ्या जागी, एकाखालची अक्षरंही वेगळी. दुसऱ्याच्या वहीतलं उतरवून पास होता येत नाही, म्हणाले. मग चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि आईकडून एक टिकली मागून घेऊन काकूंच्या घरी गेले.