बाबू गेनू यायला एक मिनिट लागतं

12 डिसेंबर जवळ आला की आमच्या घोडेगावात घरोघरी हुतात्मा बाबू गेनूंवरची भाषणं पाठ होऊ लागतात. आठवीतल्या पुतणीने तिचा कागद माझ्यापुढे टाकला. "नाना, सुरुवात तेवढी बघा."

सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय मुख्याध्यापक, पूज्य गुरुजनवर्ग, बालमित्रांनो. मग कलामांची स्वप्नं, मग विवेकानंदांची जाग. त्यातलं कोण खरंच काय बोललं होतं, हे व्हॉट्सअॅपलाच ठाऊक. शेवटी 'दोन शब्द शांतचित्ताने ऐकून घ्यावेत' ही नम्र विनंती. मोठ्याने वाचून घड्याळ बघितलं, तर बाबू गेनू यायला एक मिनिट लागलं. तेवढ्यात परिपाठाच्या शेवटच्या रांगेतली पोरं मातीत बुटाने रेघा काढून त्या पुसूनही मोकळी होतात.

"अगं, इथे बाबू गेनूंच्या जागी टिळक घातले तरी चालेल."

"दादाने मागच्या वर्षी तेच केलं होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, "डिंभ्याच्या धरणाचं नाव काय?"

"डिंभे."

"आणि जलाशयाचं?"

गप्प. हुतात्मा बाबू गेनू सागर. पाणी तालुकाभर माहीत, नाव कुणाच्या ओठावर नाही. सुरुवात इथेच होती.

आम्ही ती अशी लिहिली:

"डिंभ्याचं धरण कुणी कुणी पाहिलंय? हात वर करा. त्या पाण्याला एका माणसाचं नाव आहे. ते आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईला गिरणीत कामाला होते. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विलायती कापडाचा ट्रक निघाला. ते त्याच्यापुढे आडवे झाले. ट्रक थांबला नाही. त्यांचं वय होतं 22."

मग तालीम. एक वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. धाप लागली तर वाक्य तोडायचं. हात वर झाले की मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच बोलायचं, नाहीतर पुढचं वाक्य गलक्यात जातं. हात वर करायला लावणारा प्रश्न एकच. दुसरा विचारला की जत्रा भरते आणि पीटीच्या सरांची शिट्टी वाजते. वय मुद्दाम शेवटी ठेवलं. दहावीतल्या पोरांचे त्या वयाचे भाऊ चाकणला कंपनीत जातात, त्यामुळे 22 म्हणजे केवढा माणूस, हे त्यांना सांगावं लागत नाही.

"आणि सन्माननीय व्यासपीठ?" तिचा जीव तिथेच अडकलेला.

व्यासपीठ लाकडाचं आहे, ते रागावत नाही. पण मुख्याध्यापक रागावू शकतात. म्हणून 22 नंतर थोडं थांबून 'सर, बाई आणि मित्रांनो' असं ठरलं. बाईंनी मान्य केलं, फक्त एक सुविचार हवाच म्हणाल्या.

बाई, सुविचार फळ्यावर रोज असतो. बाबू गेनू वर्षातून एकदाच येतात. त्यांना आधी येऊ द्या.