हॉल तिकीट रोखणारा मेसेज

"काकू, वाल सोलून झाले की कुंपणापाशी या जरा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

"आलेच. कुणाचं लग्न मोडलं?"

"लग्न नाही हो! वरच्या आळीतल्या वहिनी, ज्यांचा मुलगा अंबाडीकडच्या शाळेत जातो ना, काल थोडक्यात वाचल्या. सकाळी मेसेज आला, 'सुधारित शुल्क ४,८५० रुपये आज दुपारी २ पर्यंत भरा, अन्यथा हॉल तिकीट रोखले जाईल.' खाली निळी लिंक. वर्गशिक्षिकेचाच फोटो, शाळेचंच बोधचिन्ह."

"मग बाईंचाच असेल की."

"फोटो कुणीही उचलतो, काकू. पालकांच्या ग्रुपची लिंक कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकली होती म्हणे. लिंक मिळाली की परका माणूस आत शिरतो, बाईंचा फोटो स्वतःला लावतो आणि ग्रुपवर न बोलता एकेकीला वेगळं लिहितो. वहिनींच्या फोनमध्ये बाईंचा नंबर 'शाळा बाई' नावाने सेव्ह आहे. हा मेसेज मात्र नुसत्या नंबरावरून आलेला, आणि नावाआधी ती वळवळीत रेघ. ती दिसली की समजायचं, नाव समोरच्याने स्वतःच लिहिलंय, आपण सेव्ह केलेलं नाही."

"आणि वहिनींनी दाबली लिंक?"

"दाबली. पैसे भरायचं अॅप उघडलं, ४,८५० आकडा आधीच भरलेला, फक्त पिन टाकायचा बाकी. पण वर नाव शाळेचं नव्हतं, संस्थेचंही नव्हतं. कुण्या बाप्याचं नाव, तेही आपल्याकडच्या आडनावाचं नाही. पिन टाकायच्या आधी हे नाव वाचायचं असतं बघा. बँकेत खातं ज्याच्या नावावर, त्याचंच तिथं येतं. मेसेजमध्ये काहीही लिहा, तिथं लपवता येत नाही. वहिनी थबकल्या आणि सरळ शाळेत फोन लावला."

"पण फी वाढतेच की दरवर्षी. खरं वाटणारच."

"तिथंच तर फसगत आहे! आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत फीच नाही, तिथून असा मेसेज येणारच कसा? खासगी शाळांना २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फी ठरते आणि एकदा ठरली की दोन शैक्षणिक वर्षं तीच. मधल्याच महिन्यात, त्याच दिवशी दुपारी २ पर्यंत, असं काही नसतं."

"तुला बरं सगळं ठाऊक."

"मी त्या समितीत आहे ना! चहाच्या कपापुरतीच बसवतात, पण कागद वाचायला मिळतात."

"हे फीचं झालं. माझ्या भाच्याचं मात्र वाईट झालं. भिवंडीत मागावर असतो तो. आवाजात फोन ऐकू येईना, बाहेर येऊन उचलला. 'तुमचा मुलगा जिन्यावरून पडला, डोक्याला लागलंय, दवाखान्यात नेतोय, १५,००० लगेच पाठवा, नाहीतर ऑपरेशन थांबेल.' मागे पोराच्या रडण्याचा आवाज. कसला विचार करतोय माणूस! पाठवले."

"आणि मुलगा?"

"वर्गात गणितं सोडवत होता. हे लोक शाळेच्या वेळेतच फोन करतात, कारण पोरांकडे मोबाईल नसतो आणि बाई तासावर. म्हणतात, फोन ठेवू नका, लाईनवर राहा. तो ठेवला की आपण शाळेला विचारू, एवढीच त्यांना भीती."

"आणि जीव वाचवायला आधी पैसे भरा, असं दवाखाना म्हणत नाही, काकू. अपघाताच्या रुग्णावर आधी उपचार करायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. मग भाच्याने काय केलं?"

"मालकाने त्याच्याच फोनवरून १९३० लावून दिला. त्यांनी विचारलं, रक्कम किती, वेळ कोणती, आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक. तो अॅपच्या व्यवहारांच्या यादीत सापडला. त्यातले थोडे पैसे पुढच्या खात्यात अडकले, बाकीचे तिथूनही निघून गेले होते. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार."

"म्हणजे रडत बसण्याआधी १९३०."

"हो, आणि मेसेज डिलीट नाही करायचा. भाच्याने रागाने नंबर ब्लॉक करून सगळं पुसलं, पोलीस तेच मागत होते."

"काकू, तुमच्या नातीच्या शाळेचा नंबर आहे का तुमच्याकडे? मेसेजमधला नाही, गेल्या वर्षीच्या पावतीवर छापलेला."

"पावती कुठल्यातरी डब्यात असेल."

"आत्ताच काढा. सुनेच्या, मुलाच्या आणि तुमच्या फोनमध्ये घाला. व्हॅनवाल्याचाही घाला. लिंक आली तर ती दाबू नका, त्या नंबराला विचारा."